बहात्तर अँगल कॉक

आमचं गोदाम दुसऱ्यांचा माल सांभाळतं. स्वतःचं म्हणून तिथे फक्त रॅक, उंचावरचा माल खाली काढणारे दोन रीच ट्रक आणि आमचे मोठे साहेब. नवा ग्राहक आला की त्याचा माल, त्याची सिस्टिम आणि त्याच्या जुन्या सवयी आमच्याकडे आणून बसवायच्या, हे माझं काम. कार्डावर त्याला भारी नाव छापलंय. सासूबाई साध्या शब्दांत सांगतात, "आमची सून लोकांच्या घरचं सामान हलवते."

या वेळचा ग्राहक होता नळ आणि शॉवर विकणारी एक कंपनी. मालकीणबाई हुशार, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या जुन्या गोदामाचे स्टोअरकीपर म्हणजे काका. काकांनी अठ्ठावीस वर्षं तिथला प्रत्येक नळ डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. जुनं गोदाम बंद होणार होतं. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "तुमचा हिशेब नव्या सिस्टिमशी जुळला, तर निवृत्तीपर्यंत चार वर्षं तुम्ही नव्या गोदामात आपल्या कंपनीतर्फे बसायचं. नाही जुळला, तर इतकी वर्षं मी कशावर विश्वास ठेवला, याचा मला विचार करावा लागेल."

काकांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "ताई, मला घरी बसवू नका हो. घरी बसलो तर बायको मला लेबल चिकटवून फडताळात लावून ठेवेल."

मी हसले आणि म्हणाले, "काका, काळजी करू नका. मी आहे ना."

आधी सिस्टिमची तयारी. आमच्या सिस्टिममध्ये माल चढवायचा तर ठरलेला नऊ रकान्यांचा तक्ता असतो: कोड, वर्णन, एका खोक्यात किती नग, वगैरे. काकांनी पाठवलेल्या तक्त्यात दहा रकाने होते. दहाव्यावर लिहिलं होतं, "शेरा". सहाशे चाळीस वस्तूंपैकी बहुतेकांपुढे तो कोराच होता. आमची सिस्टिम दहावा रकाना घेत नाही, लाल अक्षरांत ओरडते. मी तो रकाना उडवला. सिस्टिम गप्प झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग माल हलवला. शुक्रवारी दुपारी जुन्या गोदामातली विक्री थांबवली आणि शनिवार-रविवारी अकरा ट्रक आले. प्रत्येक खोका स्कॅन करून रॅकवर चढवला. खोका स्कॅन झाला की मास्टरमधल्या, म्हणजे त्या चढवलेल्या तक्त्यातल्या, आकड्याप्रमाणे सिस्टिम आतले नग आपोआप धरते. खोके उघडायचे नाहीत, असं साहेबांनी बजावलं होतं. "आपण गोदामवाले आहोत, कस्टमवाले नाही."

सोमवारपासून पॅरलल रन सुरू झाला. माल सगळा आमच्याकडे, पण प्रत्येक आवक-जावक दोन्हीकडे नोंदवायची: आमच्या नव्या सिस्टिममध्ये मी, त्यांच्या जुन्या सिस्टिममध्ये काका. रोज सकाळी नऊला दोन्हीकडचा आदल्या संध्याकाळचा शिल्लक माल शेजारी शेजारी छापायचा. लागोपाठ पाच दिवस फरक शून्य आला की सह्या, आणि जुनी सिस्टिम फक्त बघण्यापुरती उरणार. काकांना त्यासाठी आमच्याकडे जिन्याखालचं टेबल दिलं होतं. ते त्यांनी पहिल्याच सकाळी ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

पहिल्या सकाळी एकतीस वस्तूंमध्ये फरक निघाला. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कुठे एकाच शॉवरला दोन कोड, कुठे परत आलेला माल नोंदवायचा राहिलेला. काका आणि मी एकेक गाठ सोडवत गेलो. ते कोड पाठ म्हणायचे, मी पडद्यावर शोधायचे. तिसऱ्या सकाळी एकच वस्तू उरली: अर्ध्या इंची अँगल कॉक. आमच्याकडे अकराशे बावन्न, काकांकडे एक हजार ऐंशी. बहात्तरचा फरक. महिनाभरात तिची विक्री किंवा खरेदी झाली नव्हती, त्यामुळे आवक-जावकीवर ढकलायचीही सोय नव्हती.

"मोजून टाकू या," मी साहेबांना म्हटलं.

"रॅकच्या पाचव्या मजल्यावर आहे ते. एक रीच ट्रक दुरुस्तीला, दुसरा गाड्या भरतोय. एका नळापायी मी गाड्या थांबवू?" साहेब म्हणाले. "उद्यापासून मला शून्य पाहिजे. कसं ते तू बघ."

शून्य कसं आणायचं हे साहेब कधीच सांगत नाहीत. त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

दुपारी काका माझ्या टेबलाशी आले. "ताई, ते अँगल कॉक. खोके सगळे बाराचेच धरलेत ना तुम्ही?"

माझ्यापुढे सतरा मेल उघड्या होत्या. मी मान वर न करता म्हणाले, "मास्टरमध्ये बाराच आहे काका. आकडा सिस्टिममधून आलाय, चुकणार नाही."

"असं म्हणता?" ते म्हणाले. "मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

संध्याकाळी सहा वीसला मी दुरुस्तीचा पडदा उघडला. मोजायला दोन तास लागतात, जुळवायला दोन मिनिटं. काकांचा आकडा अठ्ठावीस वर्षांचा, माझा तीन दिवसांचा, असा विचार केला आणि आमच्याकडचे बहात्तर कमी केले. सिस्टिमने कारण विचारलं. यादीतून मी "मोजणीतील फरक" निवडलं. मोजणी झालीच नव्हती, पण यादीत "साहेबांना शून्य पाहिजे" असं कारण नव्हतं.

गुरुवारी सकाळी मालकीणबाई स्वतः आल्या. साहेबांनी मिटिंगच्या खोलीत पंखे लावून ठेवले होते. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत टोकावर बसले होते. मी कागद छापून आणला, मोठ्या झोकात टेबलावर ठेवला आणि मग शेवटच्या ओळीकडे माझं लक्ष गेलं.

अर्ध्या इंची अँगल कॉक. आमच्याकडे एक हजार ऐंशी. काकांकडे अकराशे बावन्न. फरक बहात्तर.

काकांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी फक्त बहात्तर हा आकडा पाहिला आणि वैतागून म्हणाले, "कालचाच फरक अजून तसाच?"

"तसाच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कालचा कागद पर्समधून काढून शेजारी ठेवला. "काल तुमच्याकडे जास्त होते. आज आमच्याकडे जास्त आहेत. नळ काय रात्रीत इकडून तिकडे चालत गेले?"

आता रीच ट्रक लगेच मोकळा झाला. गाड्या थांबल्या, खोके रचलेले पॅलेट खाली आले, शहाण्णव खोके उघडले. साठ खोक्यांत बारा बारा. छत्तीस खोक्यांत दहा दहा. तेच माप, तोच बारकोड, आत फक्त पुठ्ठ्याचा एक जादा तुकडा आणि दोन नग कमी. बनवणाऱ्या कारखान्याने मध्येच कधीतरी बदल केला होता. एकूण एक हजार ऐंशी.

काका हळूच म्हणाले, "शेऱ्यात लिहिलं होतं मी. 'काही खोके दहाचे.'"

दहावा रकाना.

साहेब मात्र खुलले. "म्हणजे आमच्या सिस्टिमचा आकडा बरोबर! एक हजार ऐंशी! बाई, बघा, नवी सिस्टिम म्हणजे नवी सिस्टिम."

बाईंनी जुन्या सिस्टिममधली कालची नोंद मागवली. सहा चाळीस, काकांच्या नावाने, बहात्तर वाढवले. मग त्या काकांना म्हणाल्या, "तुमचा आकडा बरोबर होता. तो तुम्ही का बदललात?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मॅडम, आमचाही आकडा कालपर्यंत चुकीचाच होता. मी सहा वीसला तो न मोजता बदलला. काकांच्या तक्त्यातला शेराही मीच उडवला होता."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, त्याच दिवशी मला नोकरीतून उडवतील. पण बाईंनी मान डोलावली. "तुम्ही चुकीचा आकडा काकांवर विश्वास ठेवून बदललात आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलंत. हे मला आवडलं." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमच्याजवळ खरं होतं. खरं हातात असून जो ते सोडतो, त्याला मी दुसऱ्याच्या गोदामात माझा माल राखायला कसं बसवू? कोणी सांगितलं होतं का तुम्हाला? कोणी म्हणालं होतं का, की यांचा आकडा चुकणार नाही म्हणून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खाली, कागदावरच्या बहात्तरकडे बघत राहिले. तोंड उघडायला मला एवढाच वेळ मिळाला होता आणि तो पुरेसा होता. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी मी गप्प बसले.

"नाही बाई," काका म्हणाले. "कोणी नाही. मला वाटलं, माझं वय झालं."

बाईंना वाईट वाटलं, हे दिसत होतं. त्यांनी काकांना तीन महिन्यांचा पगार आणि चांगलं पत्र देऊ केलं. पॅरलल रन पुन्हा पहिल्या दिवसापासून धरायचा ठरला. जुन्या सिस्टिमच्या नोंदी उरलेले दिवस त्यांच्या ऑफिसातला कोणीतरी करणार होता. आणि कंपनीतर्फे इथे माणूस बसवण्याऐवजी मालावर लक्ष ठेवायचं काम त्यांनी माझ्याकडेच सोपवलं. "खरं बोलणारं माणूस इथे आहे, मग दुसरं कशाला?" त्या म्हणाल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी "हो मॅडम" म्हणाले.

पुढच्या गुरुवारी लागोपाठ पाचवं शून्य आलं आणि सह्या झाल्या. जुनी सिस्टिम कुलूपबंद झाली. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

काका त्या दिवशी जिन्याखालच्या टेबलातले कागद न्यायला आले होते. डबा, चष्म्याचं घर आणि दोन वह्या पिशवीत भरून ते निघाले. मी गेटपर्यंत सोडायला गेले. आत्ता तरी बोलावं, असं वाटेत तीनदा मनात आलं. गेटपाशी तेच थांबले.

"ताई, एक सांगायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी बाईंसमोर स्वतःची चूक सांगितलीत. मला सांभाळून घ्यायला म्हणून बोललात, कळलं मला. दुसरं कोणी एवढं बोललं नसतं. फार उपकार झाले."

ते हात जोडून उभे होते. मी काहीतरी म्हणावं म्हणून ते वाट बघत होते.

"असू दे काका," मी म्हणाले.