जुन्या मापाचा झगा

सकाळपासून त्या माउलीचे चित्त ठिकाणावर नव्हते. उद्या लेकीचा वाढदिवस. जन्मवेळी मुलगा म्हणून नोंदली गेलेली ही लेक दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली, ती आईच्या कठोर वागण्यामुळेच. आईचा पेशा शिवणकामाचा. तिने लेकीसाठी झगा शिवला होता. सोबतचे पत्र मात्र कागदावर उतरत नव्हते, आणि दुपारी कुरिअरवाला येणार होता.

‘तुझ्या काळजीपोटी मी बोलले,’ असा पहिल्या कागदाचा आरंभ होता.

“हे खोड,” चष्मा सावरीत पती म्हणाले. “काळजी कसली? लोकांना घाबरलो होतो आपण.”

“तुम्ही तरी तेव्हा कुठे तोंड उघडलंत?”

“ते माझं मी लिहीन. तुझ्या कागदावर गर्दी नको.”

ती उठली, भांडे भरले, पाणी न पिताच परत येऊन बसली, आणि दुसरा कागद घेतला.

‘बाळा, तू याच मशीनवर तुझा पहिला झगा शिवलास आणि मी तो तुझ्यासमोर टाका टाका उसवला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तुझ्या हार्मोनच्या गोळ्या फेकल्या. पाहुण्यांसमोर मुद्दाम जुन्या नावानं हाक मारली. हे मी केलं. तू काही चुकली नव्हतीस. तू माझी मुलगी आहेस, तेव्हाही होतीस. तू माफ केलं नाहीस, उत्तर दिलं नाहीस, तरी माझं प्रेम आहे तिथेच राहील.’

पतींनी झगा उचलून न्याहाळला. “अगं, माप कुठलं धरलंस?”

तिचा हात थबकला. दर वाढदिवसाच्या शिरस्त्याप्रमाणे कपाटातला लेकीचा जुना सदरा पसरून तिने कापड कापले होते. दोन वर्षांच्या औषधोपचाराने त्या देहाची ठेवण बदलली असेल, हे तिच्या ध्यानीही आले नव्हते. पत्रात लेकीला ओळखले, आणि कात्रीने पुन्हा तिला नाकारले.

तिने छोटी कात्री उचलली. या खेपेस स्वतःचेच टाके उसवले, दोन्ही बाजू कच्च्या टाक्याने धरल्या आणि पत्राखाली लिहिले: ‘तुला न विचारता जुन्या मापावर कापला. सवय गेली नाही बघ. खांदा बसेल, हाडं बदलत नाहीत. छाती, कंबर मला ठाऊक नाही. शिलाईत दोन बोटं कापड जादा आहे. सांगशील तसं करीन.’

पाकिटावर लेकीने निवडलेले नाव तिने प्रथमच लिहिले. तेवढ्यात दार वाजले.

दुसऱ्या दिवशी दर थोड्या वेळाने तिचा हात फोनकडे जात होता. संध्याकाळी निरोप आला: ‘खांदा बसला. बाकी सगळं तंग. तुझ्यासारख्या शिंपिणीला शोभत नाही हं, आई. रविवारी येते, माप तूच घे. फक्त दारात हाक नीट मार.’

पती हसले. तिला मात्र हसू येईना. लिहिताना हात चुकला नव्हता, पण जुन्या वळणाच्या जिभेचा काय भरवसा? मशीनवरचा कापडाचा तुकडा उगाच उलटसुलट करीत ती ते नाव पुटपुटू लागली; एकदा अडखळली, थांबली, आणि पुन्हा आरंभापासून म्हणू लागली.