एका बाहीसाठी

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी शिंपीकाका लेकीला घेऊन तिचा दाखला काढायला शाळेत आले. पोरगी बोर्डात गणितात नापास झाली होती. घरी काय झालं असेल, ते समुपदेशनाच्या बाईंनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरून ओळखलं. त्यांच्या डोक्यात तिडीकच गेली.

"दाखला कसला? बाकीचे विषय सुटलेत तिचे. नुसतं गणित पुरवणी परीक्षेत द्यायचं. फॉर्म इथेच भरू, आणि उद्यापासून सकाळी आठला शाळेत गणिताचा तास."

"पण बाई, नापास म्हणजे..."

"काका, एक बाही बिघडली तर अख्खा सदरा फेकता?"

"छे! उसवतो, परत लावतो."

"आणि ओरडता कुणावर? सदऱ्यावर?"

काकांनी कालपासून पहिल्यांदाच लेकीकडे नीट पाहिलं.

"चल," ते म्हणाले, "वाटेत नवी वही घेऊ."