कोटेशन कुणाच्या नावानं

वैजयंती लोकांवर फिल्म बनवायची. दुकानाचं उद्घाटन, शाळेतून निवृत्त होणारे सर, कुणाच्या वर्षश्राद्धाला दाखवायची आठवणींची फिल्म. बुऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या तिच्या घराची पुढची खोली हेच तिचं ऑफिस. नवरा प्रशांत शाळेत शिकवायला गेला की घरात फक्त तिच्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज असायचा.

सुरुवातीला ती फोनवरच भाव सांगून टाकायची आणि पस्तावायची. मग जळगावची दीपाली भेटली. तीही हेच काम करणारी, पण खूप वर्षं मुरलेली. दीपालीनं तिला पहिला कॉल करायला शिकवलं. आपण कमी बोलायचं. फिल्म कशासाठी हवी, कोण बघणार, कधी हवी आणि तेव्हाच का हवी, शेवटचा होकार कुणाचा, आधी कुणाला काम दिलं होतं आणि ते का मोडलं, हे सगळं काढून घ्यायचं. आकडा कॉलवर कधीच बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी सगळं लिहून, खाली भाव टाकून कोटेशन पाठवायचं. "भाव पाडतो तो वाईट गिऱ्हाईक नसतो," दीपाली म्हणायची. "जो एका प्रश्नाला सोडून सगळ्यांना उत्तर देतो, त्याला भ्यायचं."

दिगंबर महाजनांचा कॉल भाद्रपदातल्या एका दुपारी ठरला होता. जसोंडी गावच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं नंबर दिला होता. महाजन म्हणजे केळीचे व्यापारी. मंडीतून हिरवा माल घ्यायचा, आपल्या बंद, थंड खोल्यांत पिकवायचा आणि पुढे पाठवायचा. या खोल्यांना ते चेंबर म्हणत. फर्म थोरल्या भावाच्या, कौतिकरावांच्या नावानं होती.

दिगंबर फार गोड बोलत होता. मोठ्या भावावर फिल्म करायची, वीसेक मिनिटांची, चांगली झाली पाहिजे, असं त्यानं सांगितलं. लहानपणापासूनचे फोटो आपल्याकडे आहेत म्हणाला. वैजयंतीनं विचारलं, ही फिल्म लोक कुठे बघतील. समाजाचे लोक येतील, व्यापारी येतील, मोठा पडदा लावू, असं तो म्हणाला. कार्यक्रम कसला, असं तिनं विचारलं.

"तेराव्याचा," तो म्हणाला.

तिनं लगेच आवाज खाली आणला. वाईट वाटलं म्हणाली, आणि कौतिकराव कधी गेले ते विचारलं.

"नाही, नाही. दादा चांगले आहेत. रोज सकाळी तापीवरच्या राजघाटापर्यंत पायी जातात."

तिला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. आजारी आहेत का, असं तिनं जपून विचारलं. साधी शुगरसुद्धा नाही, असं उत्तर आलं. माणसाचा काय भरोसा, आपली तयारी असलेली बरी, असं म्हणून तो थोडा हसला. हे अगदीच ऐकलं नव्हतं असं नाही. नेपानगरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी स्वतःची फिल्म स्वतःच करून घेतली होती आणि प्रत्येक फोटोखाली काय लिहायचं तेही सांगितलं होतं. म्हणून तिनं पुढचा प्रश्न सहज विचारला. दादांना याची कल्पना आहे ना?

"त्यांना सांगायचं नाही."

का, असं तिनं विचारलं. तो फोटोंबद्दल बोलू लागला.

ती नेहमीच्या क्रमानं पुढे गेली, कारण क्रम धरून ठेवला की आवाज थरथरत नाही. फिल्म कधी हवी? दसऱ्याच्या आत. दसराच का? दिवाळीला भावांचे हिस्से व्हायचे आहेत, त्याच्या आधी सगळं तयार पाहिजे, असं तो सरळ म्हणाला, जणू मांडवाची तारीख सांगतोय. शेवटचा होकार कुणाचा? माझाच. घरात आणखी कुणी? वहिनी आता नाहीत, दादांची मुलगी भुसावळला दिलेली, तिला कशाला विचारायचं. आधी कुणाला काम दिलं होतं? नेपानगरच्या एका फोटोवाल्याला. मग काय झालं?

"तो फार प्रश्न विचारायचा," दिगंबर म्हणाला.

मग त्यानं स्वतःहून सांगितलं की शेवटच्या पाटीवर तारखेची जागा मोकळी ठेवा, आणि वर 'अचानक गेले' असं लिहा. आजारबिजार काही नको. बजेटचा विषयही त्यानंच काढला. त्यानं सांगितलेला आकडा तिच्या नेहमीच्या भावाच्या दुप्पट होता. बुऱ्हाणपूरच्या मंडीत जन्म काढलेला माणूस, आणि घासाघीस नाही. तिनं कोटेशन उद्या पाठवते म्हटलं, आणि कोटेशन-बिल कुणाच्या नावानं करायचं ते विचारलं. फर्मच्याच, नाव-नंबर गाळ्याच्या बोर्डावर आहे, असं तो म्हणाला. ॲडव्हान्स आत्ताच टाकतो, असंही म्हणाला. कोटेशन मान्य झाल्याशिवाय मी पैसे घेत नाही, असं तिनं सांगितलं.

"टेन्शन कशाला ताई. तुम्ही लालबागला त्या दवाखान्याच्या मागेच राहता ना? जाता-जाता रोख देऊन जाईन."

पत्ता तिनं त्याला दिला नव्हता.

फोन ठेवल्यावर तिनं उठून दाराची कडी लावली. मग सवयीप्रमाणे बोलणं ताजं असतानाच सगळं टाइप करून घेतलं, त्याच्याच शब्दांत. लिहिल्यावर ते ऐकल्याहूनही वाईट वाटलं.

प्रशांत घरी आला तेव्हा तिनं वाचून दाखवलं. त्यानं ते स्वतः पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, नाही म्हणून टाक. पोलिसात जावं का, असं तिनं विचारलं. काय सांगणार, असं त्यानंच उलट विचारलं. फिल्म बनवून घेणं गुन्हा थोडाच आहे. दीपालीला फोन केला तर तीही तेच म्हणाली. असल्या गिऱ्हाइकाला तिप्पट भाव सांगून पळवतात, पण हा तिप्पटही देईल. तेव्हा हातात काम फार आहे म्हणावं आणि सुटावं.

"मी सुटेन," वैजयंती म्हणाली. "पण ते दादा उद्या सकाळी घाटावर जातीलच ना."

त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी तिनं कोटेशन लिहायला घेतलं, आणि एरवी लिहायची तसंच लिहिलं. वर कॉलचा सारांश: फिल्म कौतिकरावांच्या तेराव्याला दाखवायची, दसऱ्याच्या आत हवी, त्यांना सांगायचं नाही, 'अचानक गेले' असा मजकूर, तारीख मोकळी. त्याखाली तिच्या अटी. ज्याच्यावर फिल्म आहे तो हयात असेल तर त्याची लेखी परवानगी लागेल. त्याची मुलाखत समक्ष घेतली जाईल. शेवटचा होकार त्याचा. त्याखाली भाव, नेहमीचाच, एक रुपया जास्त नाही. मजकूर वाचताना तिला जाणवलं की यात खोटं काहीच नाही, लपवलेलंही काही नाही. कोटेशन फर्मच्या नावानं मागितलंय, तर ते फर्मलाच जाईल.

प्रशांत मंडीत जाऊन बोर्डावरचा नंबर घेऊन आला. तिनं आधी फोन लावला. एका म्हाताऱ्या, खणखणीत आवाजानं कौतिक महाजन बोलतोय म्हणून सांगितलं. मागे लिलावाचा गलका होता.

तिनं आपलं नाव सांगितलं, आणि एक कोटेशन पाठवतेय म्हणाली.

"कशाचं?"

"तुमच्यावरच्या फिल्मचं. एकटे असताना वाचा, दादा. मग मला फोन करा."

व्हॉट्सॲपवर कोटेशन पोहोचलं. थोड्या वेळानं निळ्या खुणा दिसल्या. नंतर दिवसभर काही नाही. दिगंबरला ती काहीच बोलली नाही. त्याचे दोन फोन येऊन गेले, तिनं उचलले नाहीत. दुपारी गल्लीत एक गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा ती खिडकीपासून दूर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. गाडी दवाखान्यात आलेल्या कुणाची तरी होती.

दिवेलागणीला कौतिकरावांचा फोन आला. मागे गलका नव्हता.

"'अचानक गेले', हे शब्द त्याचेच?"

"हो."

"आणि दसऱ्याच्या आत?"

"हो, दादा."

 मग ते हळूहळू सांगू लागले. केळी पिकताना चेंबरमधली हवा जड होते, श्वासाची राहत नाही. म्हणून आत शिरायच्या आधी पंखा लावून ती बाहेर काढावी लागते. हे त्यांच्याकडच्या नव्या हमालालाही पहिल्या दिवशी शिकवतात. गेल्या महिन्यापासून दिगंबर त्यांना म्हणायचा, दादा, पंखा मी लावलाय, तुम्ही आत जाऊन माल बघा. दोनदा ते दारातूनच परत फिरले, डोकं जड झालं म्हणून. दोन्ही वेळा पंखा बंदच सापडला.

"मला वाटलं, वायरिंग खराब झालंय," ते म्हणाले. "मिस्त्रीलासुद्धा सांगितलं होतं."

 तिनं एवढंच विचारलं, की रात्री ते कुठे राहणार आहेत. मुलगी तेजस्विनी न्यायला निघालीये, असं ते म्हणाले. ती येईपर्यंत ते शेजाऱ्यांकडे बसून होते.

दुसऱ्या दिवशी दिगंबरचा मेसेज आला. 'दादांना पाठवायची गरज नव्हती.' तिनं उत्तर दिलं, की कोटेशन फर्मच्या नावानं मागितलं होतं आणि आता हे काम ती करू शकत नाही. नेमकं, थोडकं, दीपालीनं सांगितलं होतं तसं. उत्तर आलं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस प्रशांत शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी इकडे-तिकडे बघायचा.

पुढे काही सिद्ध झालं नाही. तेजस्विनीनं वकिलाला विचारलं, तर पंखा बंद होता याला पुरावा काय, असं त्यानं विचारलं. कौतिकरावांनी स्वतःच तक्रार करायला नकार दिला. हिस्से वकिलामार्फत झाले, चेंबर दिगंबरकडे गेले, आणि कौतिकराव भुसावळलाच राहिले. दसरा आला आणि गेला.

दिवाळीनंतर त्यांनी वैजयंतीला बोलावलं. कोटेशन मान्य आहे म्हणाले, फक्त कार्यक्रमाचं नाव खोडा. ती कॅमेरा घेऊन भुसावळला गेली. मुलीच्या घरच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते बसले, आणि तिनं विचारलेलं थोडंच सांगून, बाकी सगळा वेळ धाकट्याबद्दलच बोलत राहिले. आई गेली तेव्हा तो रांगत होता. बापासोबत मळ्यात जाताना याला खांद्यावर घ्यावं लागायचं. बोलायला उशिरा लागला, म्हणून असीरगढच्या देवाला नवस केला होता. तेजस्विनी दारात उभी राहून ऐकत होती. हे कापून टाका ताई, ती म्हणाली. कौतिकरावांनी नकारार्थी मान हलवली. राहू द्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून तेजस्विनी पुढे आली, पण त्यांनी हातानंच तिला थांबवलं आणि फोन कानाला लावला. वैजयंती कॅमेरा बंद करायला विसरली.

"हां दिगंबर. जेवलास का?" ते म्हणाले. पलीकडचं ऐकत राहिले. मंडीतला भाव विचारला, तब्येत विचारली. मी इथंच आहे म्हणाले, आणि फोन ठेवला.

"रोज करतो," ते वैजयंतीला म्हणाले. "मी उचलतो. न उचलून कसं चालेल? तो कुठून बोलतोय, मागे कसला आवाज आहे, तेवढंच तर मला कळतं."

मग ते खुर्चीत सावरून बसले, आणि पुढचा प्रश्न विचारा म्हणाले.