आपला माल

भाचीचं काम म्हणजे जाडजूड पॉलिसी वाचायची आणि घेऊ पाहणाऱ्या माणसासाठी तिचं एक पान करायचं. काय मिळेल, काय मिळणार नाही आणि वेळ आलीच तर भरपाई मिळवायला काय काय करावं लागेल. पॉलिसी लिहिणारे जे शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात नेऊन ठेवतात, ते ही बाई पहिल्याच ओळीत ठळक करून आणायची. मामाला हे मुळीच पसंत नव्हतं. मामा विमा एजंट. ऑफिस मामाचं, टेबल मामाचं, आणि पंखा फिरायचा तोही मामाच्याच बाजूला.

"मिळणार नाही ते आधी कशाला लिहितेस गं?" तो म्हणायचा. "दारात आलेल्या माणसाला आपण 'बसायला खुर्ची नाही' म्हणून सांगतो का?"

"नसली तर सांगतो," भाची म्हणायची.

मामा वाईट नव्हता. लबाड तर नव्हताच. त्याला फक्त गोड बोलायची खोड होती, आणि ती लबाडीपेक्षा महाग पडते असं भाचीचं मत होतं. ते ती बोलून दाखवत नसे, कारण मामा गोड बोलूनच तिला शिकवता शिकवता इथवर घेऊन आला होता.

तर या ऑफिसात एके दिवशी लाँड्रीवाल्या वहिनी आल्या. कोपऱ्यावरची लाँड्री त्यांची. नवरा लांब पल्ल्याची गाडी चालवायचा, घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. वहिनी खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मला आगीचा विमा हवाय. मला घरी झोपायचंय."

मामाने मान डोलावली. विम्याने झोप चांगली लागते हे त्याचं आवडतं वाक्य होतं. पण वहिनी काही अलंकार वापरत नव्हत्या. त्यांच्या रांगेतल्या शिंप्याचं दुकान जळालं, तेव्हापासून त्या खरोखरच दुकानात झोपत होत्या, कपड्यांच्या रॅकखाली चटई टाकून. शिंप्याला खरचटलंही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ज्यांची कापडं जळाली ती माणसं फुटपाथवर येऊन उभी राहिली. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसती उभी राहिली. शिंप्याने आठवडाभर ते सोसलं आणि गाव सोडलं.

"लोक ओरडले असते तर तो टिकला असता," वहिनी म्हणाल्या. "मला तसं उभं राहून बघणारं कुणी नकोय. म्हणून मी राखण करते. पण आता पोरगी विचारते, आई, तू आमच्याकडे राहायला कधी येणार?"

भाचीला हे लागलं. पण विमा ऑफिसात लागलेलं दाखवायची पद्धत नसते, म्हणून तिने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

त्या संध्याकाळी तिने वहिनींचं पान तयार केलं. आग, वीज पडणं, स्फोट यांनी झालेलं नुकसान मिळेल. शॉर्टसर्किट झालं तर ज्या यंत्रात झालं त्या यंत्राचं मिळणार नाही. तिथून आग पसरून जे जळेल त्याचं मिळेल. ड्रायरमध्ये किंवा इस्त्रीखाली असताना त्या उष्णतेनेच एखादी वस्तू जळाली, तर त्या वस्तूचं मिळणार नाही. मालाची किंमत कमी सांगून विमा घेतला, तर भरपाईलाही त्याच प्रमाणात कात्री लागेल. आग लागली तर कंपनीला लगेच कळवायचं, अग्निशमन दलाचा अहवाल घ्यायचा, जळकं सामान कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत हलवायचं नाही, काय जळालं त्याची यादी मुदतीत द्यायची. आणि मधोमध एक ओळ: विमाधारकाच्या स्वतःच्या मालकीचा माल विम्यात येतो, दुसऱ्याचा माल वेगळा नोंदवल्याशिवाय येत नाही.

मामाने पान वाचलं आणि त्याच ओळीवर नाक मुरडलं.

"विमाधारकाच्या स्वतःच्या मालकीचा! कोर्टाचं समन्स वाटतंय. साधं 'आपला माल' लिही की. आदरही राहतो आणि जागाही वाचते."

भाचीला त्यात वावगं दिसलं नाही. 'आपला' म्हणजे 'तुमचा', जरा वाकून म्हटलेला. तिने बदललं. मग मामाने प्रस्ताव अर्ज भरायला वहिनींना फोन लावला.

"माल आपलाच ना, वहिनी?"

"आपलाच की," वहिनी म्हणाल्या.

मामाने अर्जात 'स्वतःचा' याच्यापुढे खूण केली. अर्ज झाला. वाचायला म्हणून ते पान वहिनींकडे गेलं, आणि पुढच्या आठवड्यात सही घ्यायला मामा-भाची लाँड्रीत गेले.

लाँड्री भरली होती म्हणजे किती, तर मामाला पोट आत घेऊन शिरावं लागलं. रॅकवर कोट, कोटांवर पडदे, पडद्यांवर कुणाच्या तरी लग्नातला पायघोळ पोशाख, आणि काउंटरवर एका वाद्यवृंदाचे सगळे गणवेश एकावर एक. मागे ड्रायर घरघरत होता.

"धंदा जोरात दिसतोय," मामा म्हणाला.

"तुमचीच कृपा," वहिनी म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर भाचीचं पान होतं. फ्रेम करून. आणि मधल्या ओळीच्या पहिल्या अर्ध्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली: आपला माल विम्यात येतो.

"गिऱ्हाईक वाचतं आणि खूश होतं," वहिनी सांगत होत्या. "पूर्वी भारी कपडे कुणी आणायचं नाही माझ्याकडे. आता आणतात. पॉलिसी आली की लागू होईल, असं मी सांगते हं. खोटं नाही बोलत."

भाची त्या ओळीकडे बघत राहिली. काउंटरच्या या बाजूला उभं राहून 'आपला' वाचलं, की त्याचा अर्थ सरळ होता: माझा कोट. काउंटरच्या त्या बाजूने वाचलं तरी सरळच होता: आपल्या दुकानात आहे तो सगळा. आणि कंपनीच्या बाजूने वाचलं, तर या गच्च भरलेल्या खोलीत आपला म्हणावा असा माल म्हणजे साबणाचे डबे आणि हँगर. ही ओळ मामाने सुचवली असली तरी लिहिली तिने होती.

"वहिनी," ती म्हणाली, "पुढे लिहिलंय ना, दुसऱ्याचा माल येत नाही. ते वाचलंत?"

"वाचलं की. दुसऱ्याचा म्हणजे शेजारच्याचा. मी शेजारच्याचं काही ठेवतच नाही."

"आणि हे कोट कुणाचे?"

"आपलेच."

"आपले म्हणजे?"

"म्हणजे गिऱ्हाइकांचे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा हात काउंटरवर होता तिथेच थांबला.

मामाने खाकरून घसा साफ केला. "आज सही तर होऊन जाऊ दे," तो गोड आवाजात म्हणाला, "मागाहून पत्र देऊन दुरुस्ती करता येते. होतं असं."

"आणि मधल्या दिवसांत आग लागली तर?" भाचीने विचारलं.

"शुभ बोल की."

"शुभ बोलूनच इथे आलोय, मामा."

मामाने सहीसाठी पुढे केलेलं पेन मागे घेतलं. भाचीला त्याची जरा दयाही आली. मग तिने स्टूल ओढलं, अर्ज काउंटरवर पसरला आणि मालाच्या रकान्यातलं आडवी रेघ मारून खोडलं. धुवायला, इस्त्रीला आलेले ग्राहकांचे कपडे, सांभाळण्यासाठी ताब्यात असलेले, असं तिने नव्याने लिहिलं. गच्च दिवसाच्या हिशोबाने किंमत धरायला लावली, रिकाम्या दिवसाच्या नाही. हप्ता वाढणार होता. तो किती, हे तिने गोलमाल न करता सांगितलं.

"आणि हे मान्य आहे की नाही हे कंपनी ठरवणार. तिचं लेखी येईपर्यंत काहीही धरून चालायचं नाही," ती म्हणाली. "ड्रायरमधल्या उष्णतेने तिथलेच कपडे जळाले, तर त्यांचं तेव्हाही मिळणार नाही. आणि पावतीपुस्तक घरी न्यायचं. कपड्यांबरोबर तेही जळालं तर यादी कशावरून देणार?"

वहिनी उठल्या. फ्रेम भिंतीवरून काढून त्यांनी उलटी करून ठेवली. त्या वाद्यवृंदाला, लग्नाच्या पोशाखवालीला आणि पडदेवाल्याला त्यांनी त्याच दिवशी फोन करून सांगितलं, की विमा अजून झालेला नाही आणि भिंतीवरचं चुकलं होतं. पडदेवाला पडदे घेऊन गेला. बाकीचे म्हणाले, राहू दे.

कंपनीचं उत्तर यायला वेळ लागला. तोवर वहिनी रॅकखालीच झोपत होत्या. उत्तर आलं, पॉलिसी आली, त्यात ग्राहकांचे कपडे शब्दशः लिहिलेले होते. भाचीने पुन्हा पान केलं आणि स्वतः घेऊन गेली. त्यात 'आपला' हा शब्द कुठेही नव्हता. 'तुमचा' होता, 'ग्राहकांचा' होता. उद्धट तर उद्धट.

वहिनींनी पान एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं: नुकसान टाळण्यासाठी विमाधारकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे.

"आलं ना शेवटी," त्या म्हणाल्या, आणि पान हळूच खाली ठेवलं. "मला वाटलंच होतं. म्हणजे झोपायचं इथेच."

"नाही हो! वाजवी काळजी म्हणजे वायरिंग नीट ठेवायचं, जाताना ड्रायर रिकामा करून बंद करायचा, इस्त्रीचा प्लग काढायचा, आग विझवायचं नळकांडं भरलेलं ठेवायचं."

"आणि राखण?"

"राखण कुठेही मागितलेली नाही."

"तसं कुठे लिहिलंय?"

इतकी वर्षं भाची पॉलिसीत असलेल्या गोष्टी पानावर आणत आली होती. नसलेली गोष्ट लिहून मागणारं हे पहिलंच माणूस. तिने पेन काढलं आणि शेवटी एक ओळ वाढवली: विमाधारकाने दुकानात झोपावं अशी अट या पॉलिसीत नाही. खाली सही केली.

वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. डोळे पुसले, तेही तिथल्याच कुणाच्या तरी इस्त्री केलेल्या बाहीला, आणि लगेच ती बाही पुन्हा इस्त्रीला घेतली.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी मामा ऑफिसात तणतणत परत आला. एजंटांच्या सत्काराला घालायचा कोट त्याने लाँड्रीत दिला होता आणि आणायचा विसरला होता.

"शटर बंद! किती वाजवलं. पूर्वी कधीही वाजवा, आतून आवाज यायचा, 'आले'. आता उत्तर नाही की काही नाही. ही काय पद्धत झाली? माझा कोट आत आहे!"

"काळजी करू नका, मामा," भाची म्हणाली. "आपला माल विम्यात येतो."

आणि मामा नुसता उभा राहिला असताना ती उठली, आणि पहिल्यांदाच पंखा आपल्या बाजूला फिरवून घेतला.