गुलाबी काड्या

टेलरमास्तरांच्या डोळ्यातून ताईने सुईने काढलेला थेंब धाकटीच्या हातात आला. स्फटिकासारखं नितळ असायला हवं तिथे गढूळ, पिवळट काहीतरी होतं. परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन, काल संध्याकाळी ठणका, आज सकाळी पू.

ताई डोळ्यांची सर्जन. धाकटी तिची पाठची बहीण, ताईच्याच हॉस्पिटलच्या लॅबची डॉक्टर. आणि ताईचा नवरा, धाकटीचे भावजी, बाकी सगळ्याचे धनी. काल मास्तर डोळा धरून आले तेव्हा भावजींनीच काउंटरवरून भरल्या हॉलमध्ये त्यांचा उद्धार केला होता. "चोळला असणार! लहान मूल आहात का? आम्ही डोळा नीट करून दिला, तुम्हाला दोन दिवस सांभाळता येईना?" मास्तर उलटून बोलले नाहीत. लेकीने सगळ्यांदेखत वडिलांना दटावलं, आणि थेंबांची बाटली घेऊन बापलेक घरी गेले. ताईला कुणी बोलावलंही नाही. तिने मास्तरांना पाहिलं ते आज सकाळी. पाहिल्या पाहिल्या सुई घातली, थेंब काढला आणि आत औषध सोडलं.

धाकटीने काचेवर थेंब पसरला, वाळवला, आचेवर धरून चिकटवला. शेजारी दोन ठिपके आणखी दिले: एक जांभळेच राहणाऱ्या ओळखीच्या जंतूंचा, दुसरा गुलाबी होणाऱ्यांचा. तिन्ही एकाच पाण्याने न्हायला हवेत, म्हणजे रंग खोटं बोलला तर पकडता येतो. मग जांभळा रंग ओतला, त्यावर आयोडीन, मग स्पिरिटची धार. ज्या जंतूची भिंत जाड, त्याच्या घरात रंग दार लावून बसतो, कितीही धुवा, निघत नाही. पातळ भिंतीच्या घरातून तो निघून जातो, आणि मागून येणारा गुलाबी पाहुणा ते घर आपलंसं करतो.

तिने भिंगाखाली तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

पूच्या पेशी गुलाबी, मोठमोठ्या, फुटलेल्या. त्यांच्यामधून बारीक काड्या. काही पेशींच्या पोटात, काही बाहेर सुट्या. गुलाबी. शेजारचा ओळखीचा जांभळा ठिपका जांभळाच, गुलाबी ठिपका गुलाबीच. रंग खरं बोलत होता.

माणसाच्या पापणीवर, बोटांवर राहणारे जंतू बहुतेक जांभळे गोळे असतात, द्राक्षासारखे घोसाने. चोळल्याने आत गेले तर ते जायचे. या बारीक गुलाबी काड्यांना ओल लागते. नळ्या, बाटल्या, साचलेलं पाणी.

"गोळे आहेत ना? जांभळे?" ताईने दारातूनच विचारलं. आजची पहिली बाई आत टेबलावर निजवलेली होती, आणखी सहाजण डोळ्यांत थेंब घालून हॉलमध्ये बसले होते.

"काड्या आहेत. गुलाबी."

ताई आत आली. तिच्या मागून भावजी आले, हसत. "मेव्हणीबाई, धुताना हात सैल सुटला असेल. स्पिरिट जास्त झालं की जांभळ्याचंही गुलाबी होतं. एवढं तर मलाही कळतं, डॉक्टरणीच्या घरात संसार केलाय."

"होतं ना. पण मग शेजारचा जांभळाही गुलाबी झाला असता. तो झालेला नाही. आणि भावजी, धुऊन रंग जातो, गोळ्याची काडी होत नाही."

"म्हणजे काय म्हणायचंय?"

"म्हणायचं नाही, विचारायचंय. साठवणीची बाटली परवा कोणाला लावली होती?"

ऑपरेशन चालू असताना डोळ्यात जे सलाइन सोडतात, त्याच्या प्रत्येक बाटलीत थोडं उरतं. ते ओतून द्यायचं जिवावर येई, म्हणून भावजींनी फ्रीजमध्ये एक बाटली ठेवली होती. उरलेलं तिच्यात ओतायचं, ती भरली की सकाळच्या पहिल्या पेशंटला लावायची. वर्षानुवर्षं. ताईला ठाऊक होतं. तिने कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

"मास्तर पहिले होते," ताई पुटपुटली. मग एकदम धारदार झाली. "पुन्हा कर. एका काचेवर मी सात माणसं परत पाठवणार नाही."

"मी नाही करत. थेंब उरलाय, तू कर. धार तुझ्या हाताने सोड."

ताईने हातमोजे काढले. कॉलेजात दोघींनी हे शेकडो वेळा केलेलं. तिने स्पिरिट सोडलं, काचेवरून उतरणारं पाणी बिनरंगाचं झालं तशी लगेच थांबली. वर एक थेंबही जास्त नाही. मग गुलाबी. मग डोळा भिंगाला.

तिने काच पुढे-मागे सरकवून दोन-तीन ठिकाणी पाहिलं.

"काड्याच," ती म्हणाली.

"याने बाटली दोषी ठरत नाही," भावजी घाईने म्हणाले. "नाव तर कळलंच नाही जंतूचं!"

"बरोबर. जंतू वाढवले की नाव उद्या-परवा कळेल," धाकटी म्हणाली. "म्हणून बाटली बघूया. आत स्टँडला टांगलीय, आज पुन्हा भरलीय ना? ताई, ती बाई टेबलावर आहे!"

ताई धावली. स्वतःच्या हाताने बाटली उतरवली. डोळ्याला अजून कात्री लागली नव्हती.

बाटलीतलं थोडंसं यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेला गाळ धाकटीने काचेवर घेतला. पुन्हा जांभळा, आयोडीन, धार, गुलाबी. इथे पूच्या पेशी नव्हत्या. नुसत्या काड्याच काड्या, गुलाबी, लगडलेल्या.

"उद्या कागदोपत्री सिद्ध होईल," ती भावजींकडे न बघता म्हणाली. "तोवर या बाटलीतला एक थेंब तुमच्या डोळ्यात घालू देता का?"

भावजींचं हसू मावळलं. "हळू बोल. सगळ्यांना सांगूया, मशीन बिघडलंय. लोक घरी जातील, आपण बाटली फेकू, विषय संपला. हॉस्पिटल बंद पडलं तर तूही रस्त्यावरच येशील."

"आणि मास्तर? ते जन्मभर स्वतःच्या हातांना शिव्या देत बसतील? तुम्हाला एक बाटली ओतून देणं जड गेलं, आणि त्यांच्यावर पाप टाकताना जीभ अडखळली नाही?"

ती उत्तराला थांबली नाही. वॉर्डात मास्तर डोळ्यावर पट्टी घेऊन पडले होते, लेक पायथ्याशी. धाकटी वाकली. "काका, तुमचा हात लागलेला नाही. आमच्या बाटलीतून आत गेलंय ते. मी काचेवर घेऊन पाहिलंय."

मास्तर कोपरावर टेकून अर्धे उठले. मग म्हणाले, "कानात का सांगता, बाई? काल मला झापलं तेव्हा हॉल भरला होता."

लेक ताडकन उठली. "मीसुद्धा बोलले त्यांना! रात्री जेवू नाही दिलं रागाने! चला, तुम्ही चला बाहेर!"

तिने धाकटीचं मनगटच धरलं. पण दोघी हॉलच्या दारात पोचल्या तेव्हा ताई आधीच तिथे उभी होती, हिरवा गाऊन तसाच, टोपी हातात. भावजी कोपऱ्यात.

"आज ऑपरेशनं होणार नाहीत," ताई म्हणाली. "मशीन ठीक आहे. आमच्या सलाइनमध्ये जंतू निघालेत. काल टेलरमास्तरांना इथे दोष दिला गेला, तो खोटा होता. दोष आमचा आहे. परवा ज्यांची ज्यांची ऑपरेशनं झाली, त्या सगळ्यांना मी आत्ता फोन करून बोलावतेय."

हॉल पेटला. एकजण म्हणाला, पोलिसात जातो. एक म्हातारी करवादली, "अगं, पण माझ्या डोळ्यात थेंब घालून बाहुली फुगवून ठेवलीय, मला दाराची चौकट दिसेना, घरी जाऊ कशी?" कुणी हसलं, कुणी तिच्यावर ओरडलं. ताईने कुणालाही गप्प केलं नाही. सगळं अंगावर घेत उभी राहिली.

मास्तर भिंत धरत दारापर्यंत आले होते.

"डॉक्टर, डोळा राहील का?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "औषध आत आहे. त्याने जंतू मरतात की नाही, ते उद्या कळेल. लागलं तर आणखी मोठ्या हॉस्पिटलात मी स्वतः नेईन."

"सोबत तुम्ही नको," मास्तर म्हणाले, आणि धाकटीकडे हात केला. "हिला पाठवा. आणि ती काच घेऊन ये गं, पोरी. तिथे पुन्हा कुणी मला डोळा चोळलास का विचारलं, तर दाखवायला."