पहिल्या दोन ओळी

जेवणाच्या टेबलाची वाटणी घरात कुणी ठरवून केली नव्हती, पण ती झाली होती. खिडकीकडची बाजू सुनेची: लॅपटॉप, वायरींचा गुंता आणि तिने घरीच जोडून पाहिलेली घडीची खुर्ची. आतली बाजू सासूची: चष्म्याची डबी आणि निवडायला घेतलेल्या भाजीची परात. मधोमध पाण्याचा तांब्या, सीमेवरच्या दगडासारखा.

सून माहितीपत्रकं लिहायची. पंप, पंखा, पाळणा, काहीही विकत घेतलं की खोक्यात जो घडी घातलेला कागद निघतो आणि लोक तो न वाचताच फेकून देतात, तो कागद. नऊ वर्षं एका मोठ्या कंपनीचं काम होतं. मग ती कंपनी हे काम आपल्याच माणसांकडून करून घेऊ लागली. उरली एक पंपवाली कंपनी, दोन-तीन महिन्यांतून एकदा आठवण काढणारी. बाकी कामासाठी सून एका संकेतस्थळावर प्रस्ताव पाठवायची. चार महिन्यांत एक्केचाळीस पाठवले होते. एकही लागला नव्हता.

सासूला हे सगळं न विचारता कळायचं. आधी सून संध्याकाळी लॅपटॉप मिटताना काहीतरी गुणगुणायची. आता नुसता मिटल्याचा आवाज यायचा.

त्या दुपारी मुलगा घरीच होता. तो डब्यातले दाणे तोंडात टाकत बायकोला म्हणाला, "मित्राच्या ऑफिसातलं ते स्वागतकक्षाचं काम आहे ना, त्याला एक तारखेपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय."

"माहितेय."

"मी जबरदस्ती करत नाहीये."

"तेही माहितेय. दाणे संपवू नका, आईंना लागतात."

तो गेला. सून बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई, दर निम्मा करते. वर लिहितेच तसं, सगळ्यांना दिसेल असं. निम्म्यात तरी कुणी घेईल. नाहीतर मग त्या स्वागतकक्षात जाऊन बसते, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणायला."

सासूचा हात परातीतच थांबला.

तिने तरुणपणी बियांच्या पाकिटांवरची चित्रं काढली होती. मुळा, भोपळा, झेंडू. पाकिटावरचा भोपळा बघून दुकानात माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं. तेव्हा पत्रं टपालाने जायची आणि उत्तर न येणं म्हणजे पोस्टमन दारावरून पुढे जाणं. एका वर्षी तो सव्वीस पत्रांच्या बाबतीत तसाच पुढे गेला. सत्ताविसाव्या पत्रात तिने घाबरून लिहिलं, 'निम्म्या दरात करून देईन.' आठवड्याच्या आत काम आलं. घरात आनंदीआनंद झाला. पुढच्या महिन्यात जुन्या, पूर्ण दर देणाऱ्या बियाणेवाल्यांचं पत्र आलं. छापखाना दोघांचा एकच होता, त्यांना कळलं होतं. 'आम्हालाही तोच दर लावावा.' सहा वर्षं ती निम्म्या दरात भोपळे रंगवत राहिली. दर वाढवायला गेली की उत्तर ठरलेलं: बाई, तुम्हीच तर म्हणाला होतात. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"हा निम्मा दर," तिने विचारलं, "तुझ्या पंपवाल्यांना दिसेल?"

सुनेचं बोट उचललेलंच राहिलं. "दिसेल की. ते तिथेच आहेत."

"मग ते पूर्ण का देतील?"

सासूने भाजीचा हात पदराला पुसला आणि पहिल्यांदाच ती टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला येऊन बसली. भोपळ्यांची ती गोष्ट तिने सांगितली, जशीच्या तशी, स्वतःला न वाचवता. सून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तरी मी काय करू आई? महाग आहे म्हणून तर नाकारतात."

"कोण म्हणालं महाग?"

"म्हणजे... म्हणतच असतील."

"असतील नको. दाखव."

सुनेने यादी उघडली. कुठला प्रस्ताव समोरच्याने उघडला आणि कुठला नाही, हे तिथे दिसायचं. तिने आजवर ते नीट मोजलं नव्हतं. दुखरा दात जिभेने चाचपावा तसं नुसतं रोज वर-खाली बघितलं होतं. आता सासू मेथीच्या काड्या मांडत गेली. तीस जणांनी उघडलेलाच नव्हता. त्यातल्या तेरा ठिकाणी तर पुढे कुणालाच काम दिलं गेलं नव्हतं. आठ जणांनी उघडून गप्प बसणं पसंत केलं. तिघांनी नाही म्हटलं होतं आणि त्या तिघांत पैशांचं नाव काढणारा एक.

"एक काडी," सासू म्हणाली. "एवढ्यासाठी दर निम्मा करायला निघालीस?"

सून हसली, पण डोळे भरलेले होते. "मग उरलेले का उघडत नाहीत?"

"उघडायच्या आधी त्यांना काय दिसतं?"

"नाव, दर आणि पहिल्या दोन ओळी."

सासूने चष्मा चढवला. 'मला या क्षेत्रातला नऊ वर्षांचा अनुभव असून मी आपल्या अपेक्षेनुसार दर्जेदार...' तिने दुसरा बघितला. तोच. दहावा. तोच.

"अगं, तू पत्रकात असं लिहितेस का? 'आमची खुर्ची फार अनुभवी आहे'?"

"नाही हो. पत्रकात सुरुवातीलाच लिहिते, पाय उघडत नसेल तर आधी मधली कडी दाबा. माणूस अडलेला असतो ना." बोलता बोलता ती थांबली. "अय्या."

माणूस कुठे अडतो हे शोधणं हाच जिचा धंदा, तिने एक्केचाळीस वेळा अडलेल्या माणसापुढे स्वतःचं गुणगान गायलं होतं.

त्यानंतर काही जादू झाली नाही. सुनेने आठवड्याला पाचच प्रस्ताव पाठवायचे ठरवले, तेही काम जाहीर झाल्या दिवशीच. आधी कंपनीचं जुनं पत्रक वाचायचं, लोक कुठे चुकतात ते शोधायचं, ते पहिल्या दोन ओळींत लिहायचं आणि सोबत तेवढाच परिच्छेद सुधारून जोडायचा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण, तीही रिकाम्या हाताने नाही, आणखी एखादी सुधारलेली ओळ जोडून. मग विषय सोडायचा. दर होता तोच. पहिल्या आठवड्यात पाचांपैकी तिघांनी उघडले, उत्तर कुणाचंच नाही. दुसऱ्या आठवड्यात एका पाळणेवाल्याने लिहिलं, आवडलं, पण निम्म्यात करणार का?

सुनेने लॅपटॉप सासूकडे फिरवला. तिचा चेहरा उतरला होता. एक तारखेला चार दिवस उरले होते.

"निम्म्या पैशांत निम्मंच काम," सासू म्हणाली.

सुनेने लिहिलं: पूर्ण पत्रकाचा दर हाच आहे. बजेट कमी असेल तर फक्त जोडणीचं पान करून देते, लोक तिथेच अडतात; बाकीचं तुमचं जुनंच राहू द्या.

दोन दिवस शांतता. सासूला रात्रीची झोप लागेना. आपण पोरीला भलत्याच हट्टाला पेटवलं की काय, असं वाटे. सव्वीस पत्रांचा तो पोस्टमन तिला अजून ओळखू येत होता, टोपीसकट.

एकतीस तारखेला दुपारी पाळणेवाल्याचा निरोप आला. 'एक पान करा. ते बघून पुढचं बोलू.' एकच पान. पण दर न उतरवता.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा सून फोनवर त्याच्या मित्राला सांगत होती, "नाही भाऊजी, मनापासून आभार, पण नाही." फोन ठेवून ती टेबलाकडे वळली. मुलाने आईकडे बघितलं.

"काम लागलं?"

"एका पानाचं," आई म्हणाली.

"फक्त?"

टेबलाशी सून पुढच्या कंपनीचं जुनं पत्रक उघडून बसली होती, पेन्सिलीने तिसऱ्या चित्राभोवती गोल करत. सासूने मधला तांब्या उचलून कडेला ठेवला आणि कागद आपल्याकडे ओढला.

"हे मलाही कळलं नाही गं," ती म्हणाली. "इथून सुरुवात कर."