जोड्या लावा, पण कागदावर

कोंढ्याच्या शाळेत निर्मलाबाईंना सहामाहीचा पेपर काढायला मिळाला, तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला आख्खी शाळाच देऊन टाकली. नोकरीला लागून जेमतेम एक सत्र झालं होतं. दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत, दोन्ही त्यांच्याकडे. आणि आता दुसरीचा भाषेचा लेखी पेपर, पंचवीस गुणांचा, स्वतःच्या हातानं काढायचा!

म्हणजे अगदी सहज मिळाला असं नाही. हेडमास्तर केशवराव गुरुजींचा पेपर वर्षानुवर्षं ठरलेला होता. दहा ओळींचं शुद्धलेखन आणि शेवटच्या धड्यावरचे पाच प्रश्न. निर्मलाबाई म्हणाल्या, "गुरुजी, ज्याला शेवटचा धडा येत नाही पण आधीचे सगळे येतात, त्यानं काय करायचं?"

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग तुमी काढा. पन एक सांगून ठेवतो बाई. भारी भारी प्रकार टाकले का पोरं 'काय करू, काय करू' करत उठतात. तिसरीच्या पोरायवर आधी करून पाहा. गडबड झाली का पेपर माझा."

"चालेल," बाई म्हणाल्या. आतून त्या फुगडी घालत होत्या.

घरमालकीण आनंदाबाईंच्या ओसरीवर त्या कागद पसरून बसल्या. आधी डावीकडे सगळे धडे लिहिले, वर आडवे प्रश्नांचे प्रकार, आणि मग खुणा करत सुटल्या. पाहतात तर कोल्ह्याच्या धड्यावर तीन प्रश्न आणि बाजाराच्या धड्यावर एकही नाही. कोल्हा त्यांचा फारच लाडका. जिवावर आलं, पण दोन कोल्हे खोडले.

"मास्तरीणबाई, काय निवडून राहिल्या एवढं? तांदूळ आहे का?" आनंदाबाई हसल्या.

"तसंच समजा. खडा राहिला तर पोरांच्या दाताखाली येईल."

हळूहळू पेपर उभा राहिला. पहिला प्रश्न अगदी सोपा, म्हणजे घाबरलेल्याचाही हात चालू होईल. चित्र पाहा, नाव लिहा, पाच गुण. मग कंसातला शब्द निवडून रिकामी जागा भरा, पाच. जोड्या लावा, चार. बरोबर की चूक, चार. इथं त्यांनी बरोबर, चूक, बरोबर, चूक अशी रांग येऊ दिली नाही, नाहीतर पोरं न वाचताच ताल धरतील. उलटसुलट शब्दांचं वाक्य करा, तीन. आणि शेवटी चार गुणांसाठी 'तुमच्या गावच्या तळ्याबद्दल दोन वाक्ये लिहा'. ज्याला जे येतं त्याला ते दाखवायला कुठं ना कुठं जागा. बेरीज पंचवीस आली तेव्हा बाईंनी स्वतःलाच टाळी दिली.

छापायची सोय शाळेत नव्हती. पेपर गुंडाळीच्या फळ्यावर लिहायचा, भिंतीला टांगायचा, पोरांनी आपापल्या कागदावर उत्तरं लिहायची. बाईंनी रंगीत खडूनं बैल आणि छत्री काढली. बैलाला शिंगं जरा जास्तच लांब झाली.

बुधवारी दुसरीला मैदानात पाठवून तिसरीची पोरं पेपराला बसवली. गुरुजी दाराशी खुर्ची टाकून बसले. पहिला प्रश्न गेला, दुसरा गेला, कोणी हूं की चूं केलं नाही. बाईंना वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात जागेश्वर उठला. काही न विचारता फळ्याजवळ गेला, खडू उचलला आणि 'गाय'पासून 'वासरू'पर्यंत सरळ लांब रेघ मारली. परत जाऊन ऐटीत बसला. त्याच्यामागून धनीराम निघाला. त्याच्यामागे आणखी दोघं रांगेत उभी.

"अरे, अरे, काय करून राहिले?" बाई धावल्या.

"जोड्या लावून राहिलो, बाई," धनीराम म्हणाला. "तुमीच त लावाले बोलावता."

खरंच होतं. रोज वर्गात त्या पोरांना फळ्याजवळ बोलावून अशाच रेघा मारायला लावत होत्या. पोरांना काय माहीत, आज फळा नुसता पाहायचा आहे? सूचनेत तर दोनच शब्द होते, 'जोड्या लावा'. कुठं लावा आणि कशा लावा, ते बाईंच्या डोक्यात राहिलं होतं.

गुरुजींचं पोट हसून हलत होतं. "विचारलं कोनीच नाही बरं का, बाई. सरळ उठलेच."

"आणखी एक संधी द्या, गुरुजी."

"शनिवारी, दुसरीवरच. पन एकही पोट्टं 'काय करायचं' म्हनून उठलं, का हा फळा गुंडाळायचा अन् माझा पेपर लागंल."

बाईंचा चेहरा पडला तो घरी पोचेपर्यंतच. ओसरीवर बसल्या आणि पुन्हा उत्साहाची उकळी फुटली. किती सोपं आहे हे! प्रत्येक सूचना त्यांनी जागेश्वरच्या डोळ्यांनी वाचली. हे कुठं लिहू? किती लिहू? जोड्यांच्या डाव्या बाजूला अंक घातले, उजव्या बाजूला अक्षरं. उजवीकडे एक 'छावा' जास्तीचा ठेवलाच होता, म्हणजे शेवटची जोडी फुकट मिळणार नाही. वर लिहिलं, 'तुमच्या कागदावर अंक लिहा. त्याच्या पुढे जोडीचे अक्षर लिहा.' खाली नमुना सोडवून ठेवला, १ – इ, गायीचं वासरू. मग प्रत्येकच प्रश्नाला एकेक सोडवलेला नमुना दिला. सूचना सगळ्या छोट्या, एका वाक्यात एकच काम.

शनिवारी दुसरी बसली. बाईंनी छडीचं टोक ठेवत प्रत्येक सूचना एकदा मोठ्यानं वाचली आणि त्या बाजूला झाल्या. गुरुजी डस्टर मांडीवर घेऊन बसले होते. पेन्सिली कुरकुरू लागल्या. चित्रं झाली, रिकाम्या जागा झाल्या. बैलाला कोणी हरीण म्हटलं नाही, हेच पुष्कळ.

मग जोड्या आल्या आणि मागच्या ओळीतली रुखमा उठली.

रुखमा, तळ्यावर मासे धरणाऱ्या बायाबाई ढिवरिणीची पोरगी, वर्गात तोंड उघडायची नाही. ती सरळ फळ्याकडे चालत आली. गुरुजी डस्टर घेऊन उभे राहिले.

रुखमा फळ्यासमोर थांबली. खडूला हात लावला नाही. मान वर करून पाहिलं, ओठांनी काहीतरी पुटपुटली आणि परत फिरली.

"उठली, बाई," गुरुजी हळूच म्हणाले.

"पण तिनं विचारलं कुठं, गुरुजी?"

"मीच विचारतो मंग. ये पोरी, काय करायचं आहे ह्या प्रश्नात?"

रुखमानं पदराएवढी ओढणी तोंडाशी धरली. बाईंना वाटलं, आता ही गप्पच राहणार आणि आपला पेपर गेला.

"अंक लिवाचा," रुखमा म्हणाली. "मंग त्याचं अक्षर लिवाचं. कागदावर."

"मंग उठली कायले?"

"मागून दिसत नाही, गुरुजी."

गुरुजी खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले, धोतर सावरून रुखमाच्या जागी खाली बसले आणि डोळे बारीक करून फळ्याकडे पाहू लागले. पोरं खुदखुदली.

"मले बी दिसत नाही," ते म्हणाले. "बाई, अक्षर मोठं काढत जा. अन् सूचना त... सूचना बराबर आहे."

डस्टर तिथंच खाली राहिलं. दोघांनी मिळून फळा खिळ्यावरून काढला आणि मधल्या खांबाला, पोरांच्या जवळ आणून टांगला. बाईंनी इतकी घाई केली की बैल दोनदा हेलकावला.

रुखमा जागेवर बसली. पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं, २ – अ. म्हशीचं रेडकू.